एनटी नॉर्मल, तरी रिपोर्ट ‘हाय रिस्क’

> वहिनीचं एनटी १.८ मिमी, नॉर्मल म्हणाले. मग डबल मार्करमध्ये १:१५० हाय रिस्क कसं? बाळाला डाऊन आहे का?

नाही, तसं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. अशाच रिपोर्टच्या १५० जणींपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १४९ जणींच्या नाही. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, त्याच्या अलीकडचं सगळं लाल अक्षरात छापतात (१:२४० सुद्धा, आणि घरात रडारड सुरू). आकडा नुसत्या एनटीवरून, म्हणजे सोनोग्राफीत मोजलेल्या बाळाच्या मानेमागच्या पाण्यावरून येत नाही. आईचं वय आणि डबल मार्करमध्ये मोजलेले तिच्या रक्तातले पॅप-ए, बीटा एचसीजी हे घटक त्यात मिसळतात, म्हणून वहिनींचं वय पस्तिशीपुढे असेल तर एनटी चांगलं असूनही असं होतं.

वर कुणीतरी ‘एनआयपीटी केली की खात्री’ लिहिलंय, ते पटलं नाही. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी ती तपासणीही चाळणीच, फक्त बरीच बारीक. खात्री वारेचा नमुना तपासणाऱ्या सीव्हीएसने किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणाऱ्या अॅम्निओनेच होते. एनटी ३.५ मिमीच्या वर असतं तर मी डॉक्टरांना थेट सीव्हीएस-अॅम्निओबद्दलच विचारलं असतं. तेव्हा गुणसूत्रं ठीक निघाली तरी बाळाच्या हृदयाचा इको करतात.