जुन्या ओळखीच्यांना वर्कशॉपचं आमंत्रण

"नाव घालून मेसेज पाठवला तरी लोकांना तो फॉरवर्डच वाटतो"

नुसत्या नावाने काही होत नाही हो, नाव तर बँकेच्या मेसेजमध्येही असतं. मी यादीत प्रत्येकापुढे एक रकाना ठेवते, शेवटचं बोलणं कशावर झालं, आणि पहिली ओळ तिथूनच उचलते, म्हणजे 'तुम्ही एक्सेलमध्ये हिशोब कसा ठेवायचा विचारलं होतंत, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. शनिवारी त्यावरच दोन तास घेतेय, फी नाही. तुमची जागा धरू का?' पुढचा वेळ-पत्ता सगळ्यांना सारखाच चालतो. रकाना रिकामा असेल तर उगाच सलगी नको, कुठे भेटलो तेवढंच लिहा. आणि व्हॉट्सॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट टाळाच, ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही.