मदत हवी आहे: पावणेचार वर्षांची लेक दुपारी झोपली की रात्री अकरापर्यंत जागी, दुपारची झोप बंद करू का?

ठाणेकरीण
लेक पावणेचार वर्षांची, नर्सरी ९ ते १२. घरी येऊन जेवून दीडला सासूबाईंच्या कुशीत झोपते ती साडेतीनपर्यंत. मग रात्री साडेनऊला लाइट बंद केले तरी बाईसाहेब पावणेअकरा-अकरापर्यंत टक्क जाग्या. पाणी हवं, शू आली, अजून एकच गोष्ट, पाय दुखतोय, सगळे प्रकार होतात. सकाळी ७ ला अक्षरशः झोपेतच उचलून बाथरूममध्ये नेते. मागच्या आठवड्यात दोनदा दुपारी झोपू दिलं नाही तर रात्री साडेआठला पाच मिनिटांत झोपली, पण त्याआधी संध्याकाळी ६ पासून जो धिंगाणा घातला, चप्पल उलटी घातली गेली म्हणून रडली, भात वरणाला चिकटला म्हणून रडली. सासूबाई म्हणतात लेकराची झोप मोडू नये, आणि खरं सांगायचं तर त्या ६८ च्या आहेत, सकाळपासून राबतात, त्यांनाही दुपारी पाठ टेकायला हवीच ना. ऑफिसमधली एक जण म्हणाली क्वाएट टाइम सुरू कर. म्हणजे नक्की करायचं काय, खोलीत एकटं ठेवायचं का? मी पावणेसातला घरी पोचते, नवरा ९ ला.

जागरण_स्पेशालिस्ट
पाच वर्षांपर्यंत दुपारची झोप हवीच, मेंदूची वाढ झोपेतच होते. बंद वगैरे करू नका. रात्री दुधात जायफळ उगाळून द्या जरा जास्त, आमच्याकडे सगळी पोरं त्यावरच वाढलीत.

चिऊची_आई
सेम प्रॉब्लेम! माझी ९ महिन्यांची आहे, दिवसातून दोनदा झोपते, संध्याकाळची तिसरी मी बंद केली तर चालेल का?

पाटी_पेन्सिल
चिऊची आई, तुमचा विषय वेगळा आहे हो. नऊ महिन्यांच्या बाळाचं गणित इथे लावू नका, वेगळा धागा काढा.

जायफळ जरा जास्त अजिबात नको. चिमूटभर स्वयंपाकात असतं ते ठीक, पण जास्त झालं तर ते चक्क बाधतं, लहान मुलाला तर नक्कीच. आणि इथे झोप येत नाही हा प्रॉब्लेमच नाहीये, झोप दुपारी खर्च होतेय.

मी १४ वर्षं बालवाडी चालवतेय, त्यावरून सांगते. बहुतेक मुलं तीन ते पाच या वयात कधीतरी दुपारची झोप सोडतात, कोणी तिसऱ्या वर्षी, कोणी पाचव्या, त्यामुळे पाचपर्यंत हवीच असं काही नाही. तुमचा हिशोब बघा. रात्री ११ ते ७ आठ तास, दुपारी दोन, एकूण दहा. या वयाला दिवस-रात्र मिळून १० ते १३ तास धरतात, म्हणजे ती आत्ताच काठावर आहे. आता दुपारचे दोन तास काढले आणि रात्र अकरालाच राहिली तर मूल आठ तासांवर आलं. लोक हीच चूक करतात, दुपार बंद करतात आणि रात्रीची झोप अलीकडे ओढत नाहीत, मग पोर चिडचिडं झालं की म्हणतात बघा हिला दुपार हवीच होती. दुपार गेली की त्या दिवशी ८ ला अंथरुणात, साडेआठच्या आत झोप. म्हणजे जेवण सव्वासातला. हे जमणार नसेल तर आत्ता दुपार बंदच करू नका, फक्त छोटी करा.

एकदम तोडू नका. पहिला आठवडा एकला झोपवा आणि पावणेदोनला उठवा, अंधार न करता, पडदे उघडेच ठेवून. नुसत्या एवढ्याने रात्र दहाच्या आत आली तर महिना-दोन महिने तसंच चालू द्या, बंद करायची घाई कोणाला आहे? नाहीच आली तर एक दिवस झोप, एक दिवस क्वाएट टाइम.

क्वाएट टाइम म्हणजे कोंडणं नाही. सासूबाई पलंगावर आडव्या, ही त्याच खोलीत खाली चटईवर. तिला एक डबा द्यायचा जो फक्त याच वेळी निघतो, त्यात चित्रांची पुस्तकं, ब्लॉक्स, स्टिकर, थोडी भातुकली. मणी-डाळी नकोत, आजीचा डोळा लागला की त्या नाकात जातात. टीव्ही-मोबाइल नाही, एकदा दिलात की डबा कायमचा संपला. किचन टायमर लावायचा, पहिले तीन दिवस फक्त १० मिनिटं, मग पाच-पाच वाढवत ४५ पर्यंत. आणि आजीने झोप झोप म्हणायचं नाही. नियम एवढाच की टायमर वाजेपर्यंत चटईवर आणि हळू आवाजात. झोप लागली तर लागू द्या, अर्ध्या तासाने उठवा.

ठाणेकरीण
खूप थँक्यू. पण ८ ला झोपली तर बाबाची भेटच नाही, तो ९ ला येतो. आणि ५ ला गार्डनमधून येताना रिक्षात डुलकी काढते त्याचं काय?

पाटी_पेन्सिल
रिक्षातली डुलकी हीच खरी वैरीण. चारनंतरची १५ मिनिटंसुद्धा रात्रीची झोप पळवते. त्या काळात गार्डन घराजवळचं निवडा, चालत या, हातात काकडी-बिस्किट काहीतरी खायला द्या. झोपलीच तर १० मिनिटांत उठवा. बाबाचं उत्तर माझ्याकडे नाही.

जर्सीवाली_मावशी
आमच्याकडे (न्यू जर्सी) डेकेअरमध्ये सगळ्यांना दुपारी कॉटवर पडावंच लागायचं, माझा मुलगा तिथे दीड तास झोपायचा आणि घरी रात्री साडेदहा. टीचरला सांगून ३० मिनिटांनी उठवायला लावलं, आधी कुरकुर केली त्यांनी. बाबाच्या भेटीचं म्हणाल तर आमचा नवरा सकाळी शाळेत सोडायचा, रात्रीचा हट्ट सोडून दिला.
अजून एक, लेक घोरते का? रोज जोरात घोरणं, तोंडाने श्वास, झोपेत घाम. आमच्या भाचीचं चिडचिडं वागणं झोपेच्या वेळेमुळे नव्हतंच, अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकामागच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. तसं असेल तर वेळा बदलत बसण्याआधी डॉक्टरना दाखवा.

ठाणेकरीण
नाही, घोरत नाही, सर्दीत थोडं फक्त.

ठाणेकरीण
तीन आठवड्यांनी अपडेट. पहिल्या आठवड्यात ४५ मिनिटांवर उठवायला गेलं की अर्धा तास रडायची, सासूबाई म्हणाल्या हे पाप मी करणार नाही. मग आम्ही उलटं केलं, त्या उठवत नाहीत, टायमर वाजला की पंखा बंद करून दार उघडतात, बाहेरच्या आवाजाने पाच-दहा मिनिटांत उठते आपोआप. रात्र साडेदहावर आली, बास, पुढे सरकेना. म्हणून एक दिवसाआड सुरू केलं. डबा हिट आहे, १० मिनिटांवरून ३५ वर आलोय, स्टिकर मात्र आजीच्या पायाला लागतात. न झोपलेल्या दिवशी साडेआठच्या आत झोप, सकाळी सव्वासहाला स्वतः उठते, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं.
पण मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस दुपार चुकली (लग्न होतं) आणि तिसऱ्या रात्री साडेदहाला किंचाळून उठली, डोळे उघडे पण मला ओळखेना, दहा मिनिटांनी परत झोपली, सकाळी काहीच आठवत नव्हतं. घाबरलेच.

पाटी_पेन्सिल
झोप फार साचली की काही मुलांना असं होतं. हलवून जागं करू नका, फक्त जवळ बसा, पडणार-आपटणार नाही एवढं बघा. दोन-तीन दिवस दुपारी ४० मिनिटं झोपू द्या आणि मग परत एक दिवसाआड. सलग तीन दिवस नको अजून, तिची तेवढी तयारी नाही. वारंवार व्हायला लागलं, किंवा हातपाय झटके देत असेल तर डॉक्टरकडे न्या, शक्य झालं तर व्हिडिओ काढून.

जागरण_स्पेशालिस्ट
तेच म्हणत होतो मी, दुपार हवीच.

ठाणेकरीण
हवी आहे पण रोज नको, असं दिसतंय 😅 बाबाचं अजून जमलेलं नाही. सध्या तो सकाळी साडेसहाला तिच्याबरोबर दूध पितो आणि अर्धा झोपेतच असतो. रविवारी मात्र दोघंही दुपारी झोपतात आणि रात्री दोघंही जागे. रविवारचं कोणी काय करतं?