म्युनिकला जाण्याआधी लग्नाचं ठरवा

> "म्युनिकची नोकरी स्वीकारलीय. तो इथेच राहील, नातं टिकेल का, याची धास्ती आहे. पुढचं दोघांनी मिळून कसं ठरवायचं?"

त्याच्याशी बोलायला बसण्याआधी ऑफर लेटर पाहून तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा नि कामाचा परवाना, मिळणार आहे का, ते विचारून घ्या. बरंच काही त्यावर ठरतं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मनची ए१ ही अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर नोकरीही करता येते. पण हे सगळं नवरा-बायकोसाठी. लग्न न झालेल्या जोडीदाराला कुटुंब म्हणून व्हिसा मिळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न लग्न कधी, हाच. नोंदणी विवाह करणार असाल तर नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावावं लागतं. निघायची तारीख तोंडावर आली की हे गणित हमखास फिसकटतं. दाखल्यावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

आणि त्याला नुसतं "येशील ना?" असं विचारू नका हो. परवानगी मिळाली तरी त्याच्या क्षेत्रात जर्मनशिवाय काम मिळेल का, हे दोघांनी मिळून तिथल्या जाहिराती वाचून बघा. मिळणार नसेल तर त्याने क्लास आजच लावावा.