रिसेट करायच्या आधी एकदा केबल लावून बघा

"दर दोन-तीन दिवसांनी राउटर रिसेट करतोय, तेवढ्यापुरतं नेट नीट चालतं. लाइनच खराब असणार."

लाइनीवर एवढ्यात खापर फोडू नका. पुढच्या वेळी अडकला की रिसेट न करता लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि त्याचं सेटिंगचं पान उघडा (पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक 192.168.0.1 किंवा 192.168.1.1). हे पान राउटरच्याच पोटात असतं, बाहेरच्या लाइनीशी त्याचा संबंध नाही. केबल लावूनही ते उघडत नसेल तर राउटरच गोठलाय.

आमच्या कोथरूडच्या घरी असंच झालं. आधी पंधरा दिवसांनी, मग चार दिवसांनी, शेवटी रोज संध्याकाळी सगळे घरी आले की बंद. राउटरच गोठतोय म्हटल्यावर आधी त्याचा अॅडॉप्टर तपासला, 12 व्होल्टचा. सुटा मोजला तर बरोबर 12, पण राउटर जोडून मोजल्यावर साडेदहाच्या खाली. तपकीर गल्लीतून नवा आणला (व्होल्ट आणि पिनेची पोलॅरिटी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात). महिनाभर सुख, मग पुन्हा तेच. शेवटी राउटर खोलला तर पॉवरच्या पिनेजवळच्या कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. वर्षानुवर्षं टीव्हीमागच्या कपाटात उकडत ठेवला होता, दुसरं काय होणार! कपॅसिटर बदलून मिळतो म्हणे, पण सहा वर्षांच्या डब्यासाठी मी काही त्या भानगडीत पडलो नाही. नवा राउटर आणला आणि कपाटावर, उघड्यावर ठेवला.