भाडेपावती आणि पत्त्यासाठी संमती: घरमालकाला असं पत्र देणं चुकीचं आहे का?

पुणेकर_नवी
पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर राहते. करार नोंदणीकृत आहे, दरमहा १८,००० रुपये यूपीआयने देते. मालकांना हे पत्र दिलं:

"मा. महोदय, सप्रेम नमस्कार. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांच्या भाड्याच्या सही केलेल्या पावत्या मिळाव्यात. तसेच हा फ्लॅट सर्व कामांसाठी माझा पत्ता म्हणून वापरण्यास आपली हरकत नाही, असे लिहून द्यावे ही विनंती."

मालक काका म्हणाले, "करार आहे ना, आणखी सह्या कशाला?" पावत्या ऑफिसात एचआरएसाठी हव्यात, संमती रेशनकार्डासाठी. माझं काही चुकलं का?

दोन_खोल्यांचा_मालक
मीसुद्धा सही केली नसती. "सर्व कामांसाठी" म्हणजे नक्की कशासाठी? माझ्या आधीच्या भाडेकरूने असंच मोघम पत्र घेतलं आणि त्यावर जीएसटी नोंदणी काढली. तो सोडून गेला, पण त्याच्या नावच्या नोटिसा अजून माझ्या दारात येतात. सोसायटीने मलाच विचारलं की घरात धंदा कोणाचा चालतो. शिवाय "भाडेपावती" दिली की उद्या तो कोर्टात म्हणणार, मी भाडेकरू आहे, मला उठवता येत नाही.

रोखठोक
पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची नाही? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २६ वाचा. पैसे मिळाले की लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, नाही दिली तर दंड. ताई, विनवण्या थांबवा आणि नोटीस पाठवा.

सुधीर_ठाणे
पावतीची गरजच काय, बँक स्टेटमेंट पुरतं. आणि आधारचा पत्ता तर मालकाने मोबाईलवर होकार दिला की बदलतो, कागद लागतच नाही.

नोंदणीवाला
सुधीरजी, मालकाच्या होकाराने आधारचा पत्ता बदलण्याची ती सोय २०२१ मध्येच बंद झाली. आता नोंदणीकृत करार जोडता येतो, त्यासाठी मालकांना वेगळी सही मागायची गरज नाही. पैसे गेल्याचा पुरावा स्टेटमेंट देतं हे खरं. पण ते पैसे कोणत्या घरापोटी आणि कोणत्या महिन्याचे, हे त्यातून कळत नाही. म्हणून ऑफिस पावती मागतं.

मालकांची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचं मूळ पत्राच्या शब्दांत आहे. तुमचं नातं लायसन्सचं आहे आणि कागदावर "भाडे" म्हटलंय. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरतात, त्यामुळे एका पावतीने तुम्ही भाडेकरू होत नाही. तरी मालकांचं मन निर्धास्त राहावं म्हणून पावती अशी लिहून न्या:

"नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार क्र. ___, दि. ___ नुसार फ्लॅट क्र. ___ पोटी सप्टेंबर महिन्याची लायसन्स फी रु. १८,००० यूपीआयने मिळाली."

संमती वेगळ्या कागदावर घ्या. पावती मागणं हक्काच्या जवळ जातं, संमती मात्र मालकांच्या मर्जीची. दोन्ही एकाच पत्रात घातलंत की नको असलेल्या दुसऱ्या मागणीपायी ते पहिलीही अडवतात. संमतीत लिहा: "फक्त रेशनकार्डाच्या अर्जासाठी, करार चालू असेपर्यंत, व्यवसाय किंवा जीएसटी नोंदणीसाठी नाही."

रोखठोक
म्हणजे कायदा असून भीक मागायची?

नोंदणीवाला
कलम २६ मध्ये शब्द "घरमालक" आहे. लायसन्सीला ते लागू होतं का, यावर समोरचा वकील वाद घालेलच. ११ महिन्यांच्या करारातले सहा महिने गेलेत, नूतनीकरण त्यांच्याच हातात आहे. त्या वादात शिरायचं का, हे ताईंनी ठरवावं.

मीरा_नाशिक
माझा मालक तर डिपॉझिटच परत देत नाही. त्याचीही पावती नाही. काय करू?

नोंदणीवाला
मीराताई, डिपॉझिटची रक्कम बहुतेक करारात लिहिलेली असते, आधी तिथे पाहा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

पुणेकर_नवी
पावत्या आणि संमती वेगवेगळ्या लिहून नेल्या. काकांनी पावत्या ठेवून घेतल्या, "मुलाला दाखवून सांगतो" म्हणाले. पण पॅन नंबर मागितल्यावर गप्प झाले. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर आहे, ऑफिस त्याशिवाय एचआरए धरत नाही.

नोंदणीवाला
खरी गाठ तीच असेल. ते उत्पन्न त्यांनी दाखवलंय की नाही, हा त्यांचा प्रश्न. तुम्ही करार उघडून पाहा, पॅन बहुधा तिथेच लिहिलेला असतो.

दोन_खोल्यांचा_मालक
ठरावीक कामापुरती संमती असेल तर मीही देईन. पण पॅन मी पावतीवर लिहिणार नाही, तो कागद किती हातांतून फिरेल कोण जाणे.

रोखठोक
करारात चालतो आणि पावतीवर नाही? हे मला पटत नाही.