मुलीला शाळेतून भलत्याच व्यक्तीने नेलं. शाळेच्या अहवालावर सही करावी का?

लेकीचीआई: मुलगी साडेतीन वर्षांची, नर्सरीत. शुक्रवारी सव्वाबाराला घ्यायला गेले तर ती वर्गात नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी नातवाला न्यायला आल्या होत्या, त्या हिलाही घेऊन गेल्या. आजींना फोन लागेना. पाऊण तासाने दोघं मुलं बागेत घसरगुंडीवर सापडली. आज शाळेने अहवाल दिला: ‘पाल्य ओळखीच्या व्यक्तीसोबत गेले. पाल्य सुखरूप आहे. पालकांचे समाधान झाले आहे.’ खाली माझी सही हवी आहे. करू का?

कोथरूडकर: करून टाका. आजींनी चांगल्या मनानेच नेलं ना? आम्ही वाड्यात वाढलो, कोणाचं पोर कोण घेऊन यायचं याचा हिशेब नव्हता. आता याचा बाऊ केलात तर गेटवरच्या मावशींची नोकरी जाईल, बाकी काही होणार नाही.

बालवाडीताई: मी बरीच वर्षं पूर्वप्राथमिक सांभाळते आहे. आजींचं मन चांगलं होतं की नाही हे त्या अहवालाने सांगायचंच नाहीये. मूल वर्गातून कधी निघालं, कोणी हात सोडला, कार्ड मागितलं का, प्रवेश अर्जावरच्या नंबरला फोन केला का, एवढं तरी त्यात हवं. यातलं एकही नाही. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट कोणीच बोलत नाहीये: मूल नाही हे शाळेला आई आल्यावर कळलं. म्हणजे आई एक वाजता पोचली असती तर एकपर्यंत कळलं नसतं.

हे होतं कसं तेही सांगते. बारा वाजता नर्सरी सुटते आणि त्याच वेळी दुपारची बॅच आत येते. गेटवर एकच मावशी. निम्मे पालक कार्ड विसरून येतात, मग मावशी चेहऱ्यावरून सोडायला लागतात. आजी रोजच्या, मूलही ‘आजीऽ’ म्हणून धावलं, झालं. मूल ओळखतं म्हणून सोडणं ही सर्रास चूक आहे. या वयाचं मूल खाऊ देणाऱ्या कोणाकडेही धावतं.

सही ‘प्रत मिळाली’ एवढं लिहून, तारीख-वेळ घालून करा. समाधानाचं वाक्य खोडायला सांगा. आणि आजच लेखी अर्ज द्या, शुक्रवारचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा म्हणून. रेकॉर्डर भरला की जुन्यावर नवं चढतं.

नाशिकचा_बाबा: माझंही असंच आहे. आम्ही वेगळे राहतो, शाळा मुलाला माझ्याकडे देत नाही. बायकोने फक्त तोंडी सांगितलंय. मी बाप असून अनधिकृत कसा?

वकीलसाहेब: पाच वर्षांखालचं मूल आईकडेच, १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. शाळेचं बरोबर आहे.

बालवाडीताई: साहेब, त्या कलमात ‘सामान्यतः’ आहे. शिवाय तिथे बापही नैसर्गिक पालकच आहे. आम्ही तोंडी सांगण्यावर बापाला अडवत नाही, कोर्टाच्या आदेशाची प्रत मागतो. आदेश नसेल तर दोघांनाही बोलावून लेखी घेतो. नाशिकचे बाबा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. इथे त्या आजी पालकच नाहीत.

वकीलसाहेब: ‘सामान्यतः’चा मुद्दा मान्य. पण आजींवर अपहरणाची तक्रार होऊ शकते. पालकाच्या संमतीशिवाय मूल नेलं.

कोथरूडकर: बागेत घसरगुंडीवर बसवलं म्हणून आजीला पोलीस स्टेशन! धन्य आहे.

लेकीचीआई: तक्रार नाही करायची हो, त्या रडल्या कालपासून. पण पाऊण तास मी काय काय विचार केला ते मलाच माहीत. मावशींची नोकरीही जायला नको. अहवालात त्यांचं नाव येऊ द्यावं का?

बालवाडीताई: माझ्या मते ‘गेटवरील मदतनीस’ पुरे. पण त्याच्या शेजारी हेही हवं की दोन बॅच एकाच वेळी होत्या आणि तिथे शिक्षिका नव्हती. ते व्यवस्थापनाचं आहे, मावशींचं नाही. पुढे काय बदलणार हे तारखेसह मागा. आमच्याकडे शिक्षिका वर्गाच्या दारात एकेक मूल देते, यादीत वेळ लिहिते, नेणाऱ्याची सही घेते. वीस मुलांना बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि पालक कुरकुरतात.

कोथरूडकर: आणि कार्ड विसरणाऱ्या पालकांचं काय? त्यांना परत पाठवणार?

बालवाडीताई: मूल आत बसतं, आम्ही अर्जावरच्या नंबरला फोन करतो. समोरचा माणूस जो नंबर देतो, त्याला नाही.

सासवडची_मावशी: मी गेटवरच असते, दुसऱ्या शाळेत. कार्ड मागितलं की साहेब लोक अंगावर येतात, ‘रोज येतो, ओळखत नाही का?’ मॅडम त्यांचीच बाजू घेतात. नाव लिहायचं तर त्या साहेबांचंही लिहा.

लेकीचीआई: ताई, शाळेला मेल केला. समाधानाचं वाक्य काढायला तयार आहेत. शिक्षिका कुठे होती यावर म्हणतात, ‘अंतर्गत बाब आहे.’

बालवाडीताई: मग सही त्या उत्तरानंतर.