अनुभव धागा : साहेब बदलले, हे तुमच्याकडे कसं सांगितलं गेलं?

धागा सुरू करणारी, वाशीम जिल्हा

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची तीन संकलन केंद्रं आहेत. आजवर तिन्ही केंद्रप्रमुख थेट सीईओंना रिपोर्ट करत आलेत. तुरीची आवक सुरू व्हायच्या आधी, सीईओ आणि केंद्रप्रमुखांच्या मध्ये एक खरेदी प्रमुख येणार आणि केंद्रप्रमुख त्यांच्याकडे जाणार. केंद्रावरचे लेखनिकसुद्धा केंद्रप्रमुखांकडून निघून मुख्य लेखापालांच्या हाताखाली येणार. पगार आणि पदनाम कोणाचंच बदलत नाही. संचालक मंडळाचा ठराव झालाय, म्हणून बदल योग्य की अयोग्य ही चर्चा इथे नको. सांगायची जबाबदारी माझ्यावर आहे.

केंद्रप्रमुखांपैकी एक काका कंपनी नोंदवली तेव्हापासूनचे. गावोगाव फिरून सभासद त्यांनीच जोडले. त्यांना आपल्याला बाजूला सारलं असं वाटू नये, एवढी माझी धडपड आहे. ज्यांनी सांगितलं आणि ज्यांना सांगितलं गेलं, दोघांनीही लिहा.

जिनिंगवाला, हिंगणघाटकडचा

मी ऐकणाऱ्यांपैकी. बरीच वर्षं आवारात आलेल्या कापसाची प्रत मी पाहायचो, काटा पावतीवर सही माझी. हंगाम ऐन भरात असताना मालकांनी वर एक ऑपरेशन मॅनेजर आणला. मला कोणी काही बोललं नाही. ट्रॅक्टर घेऊन आलेला एक पोरगा काट्यावरून परत माझ्याकडे आला न् म्हणाला, "भाऊ, पावतीवर आता तुमची सही चालत नाही म्हनते." मागे चार गाड्या उभ्या, हमाल ऐकत होते. मी पावती घेतली आणि नवीन साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन दिली.

नवीन माणूस चांगला निघाला, त्याच्याबद्दल आजही तक्रार नाही. पण मला ते शेतकऱ्यासमोर, तेही त्याच्याच तोंडून कळलं, हे अजून बोचतं. मालकांनी आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं बसवून सांगितलं असतं, तर मीच त्या पोराला म्हटलं असतं की आजपासून सही साहेबांची, जा तिकडे.

ताई, एक करा. त्या काकांच्या हातून नेमकी कोणती सही, कोणती किल्ली, कोणतं रजिस्टर जाणार ते आधी लिहून काढा. माणसाला आपलं पद तिथंच दिसते.

संस्थेत काम केलेला, यवतमाळ

जिनिंगवाल्या भाऊंनी मुद्द्याला हात घातलाय. आमच्या पाणलोट आणि उपजीविकेच्या संस्थेत असाच बदल झाला, तो जरा सविस्तर सांगतो.

आधी प्रत्येक क्षेत्र समन्वयकाकडे सहा गावकार्यकर्ते असायचे. नंतर पाणी, पशुधन आणि महिला गट असे विषयप्रमुख नेमले आणि कार्यकर्ते त्यांच्याकडे गेले. म्हणजे समन्वयकाची अख्खी टीम गेली. आमच्या संचालकांनी प्रत्येक माणसाच्या नावाचा एकेक कागद केला. त्यावर तीन रकाने: काय तसंच राहतं, काय तुमच्याकडून जातं, काय नवं येतं. मधला रकाना गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आमच्याकडेही चर्चा झाली. शेवटी तो पूर्ण भरला. ऐकणारा माणूस मनात जाणाऱ्या गोष्टीच मोजत असतो. आपण दोन सांगितल्या नाहीत, तर तो स्वतःहून पाच धरतो.

समन्वयकाला सांगितलेले शब्द साधारण असे होते: "सहा कार्यकर्ते आता तुम्हाला रिपोर्ट करणार नाहीत. त्यांच्या रजा, प्रवासबिलं आणि गाडीच्या लॉगबुकवरची सही तुमच्याकडून जाईल. सरपंच, ग्रामसभा, तहसील ही बोलणी तुमच्याकडेच राहतील. पगार आणि श्रेणी तीच. हा निर्णय तुमच्या कामावर नाराज होऊन घेतलेला नाही. शेळ्यांच्या आजाराचा प्रश्न कार्यकर्ता तुम्हाला विचारतो, तुम्ही तालुक्याला विचारता, उत्तर यायला आठवडा जातो. ते अंतर कमी करायचं आहे."

कारण सांगताना संचालकांनी असा रोजच्या कामातला एक अडलेला प्रसंग धरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी' असं म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने अर्थ काढला असता की आजवर मी कार्यक्षम नव्हतो.

आणखी दोन गोष्टी. ज्यांनी निर्णय घेतला त्या संचालकांनीच तोंडाने सांगितलं, एचआरच्या मुलीवर ढकललं नाही. आणि त्या पहिल्या भेटीत नवे विषयप्रमुख खोलीत नव्हते. नवा साहेब समोर बसला की माणूस हसून 'हो हो' म्हणतो आणि खरा प्रश्न घरी घेऊन जातो. नव्या साहेबांसोबतची बैठक दुसऱ्या दिवशी, वेगळी झाली.

त्या समन्वयकाने विचारलं, "माझं वार्षिक मूल्यमापन कोण लिहिणार?" ते ठरलेलं नव्हतं. संचालक म्हणाले, "ठरलं नाही, शुक्रवारी सांगतो." आणि शुक्रवारी सांगितलं. त्या शुक्रवारनंतर त्या माणसाचा सूर बदलला.

पतसंस्थेचे व्यवस्थापक, चंद्रपूर जिल्हा

एकेकाला बोलावून सांगणं शहरात ठीक. आमच्या शाखेत अर्धे लोक एकमेकांचे नातेवाईक. सकाळी एकाला सांगितलं की चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत तीन वेगवेगळ्या गोष्टी तयार होतात. आमच्या मागच्या अध्यक्षांनी सगळ्यांना एकाच वेळी बसवून सांगितलं, सगळ्यांनी तेच शब्द ऐकले. मला तेच सरळ वाटतं. आधी कोणाला कळलं, मला का नाही, हा रुसवा तरी टळतो.

जि.प. शिक्षक, अमरावती

माझं समायोजन झालं तेव्हा मला धारणीकडची शाळा मिळाली. आदेश हातात पडेपर्यंत कोणी सांगितलं नाही. मेळघाटातली माणसं जीव लावणारी, पण घरी आई एकटी, येणं-जाणं फार अवघड होतं. बदली करताना माणसाच्या घरचा विचार व्हायलाच हवा.

धागा सुरू करणारी

सर, तुमचा त्रास समजला. आमच्याकडे कोणाची जागा बदलत नाहीये, फक्त कोण कोणाला विचारणार ते बदलतंय. तरी आदेशाचा कागद हीच पहिली बातमी होऊ नये, हे तुमच्या अनुभवातून मी घेते.

संस्थेत काम केलेला, यवतमाळ

व्यवस्थापक साहेबांची फुटण्याची भीती रास्त आहे. म्हणून आम्ही दोन्ही केलं, पण एकाच दिवसात. ज्यांचं काही जाणार होतं अशा चौघांना सकाळी 10 ते 1 मध्ये एकेक करून सांगितलं, 3 वाजता सगळ्यांची सभा. सभेत ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या स्वतःबद्दल पहिल्यांदा कळत नव्हतं. पत्र सभेतच हातात दिलं. व्हॉट्सअॅपवर आधी काही टाकलं नाही.

भिंतीवर तक्ता मात्र लावला नाही. चौकोन खाली काढला की माणूस आपल्याला खालचा समजतो, कितीही समजावा. त्याऐवजी 'कोणत्या कामाला कोणाकडे जायचं' अशी यादी लावली.

तुमची केंद्रं लांब-लांब असतील तर एका सकाळीत तीन ठिकाणी जाणं जमायचं नाही, हेही खरं. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

युनियनमध्ये असलेला, बुटीबोरी

कायदा विसरू नका. साहेब बदलायचा असेल तर 21 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर बदल बेकायदेशीर.

कामगार प्रकरणं पाहणारा, अकोला

21 दिवसांची तरतूद आहे, पण ती कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांच्या सेवाशर्ती बदलताना लागते: पगार, भत्ते, कामाच्या वेळा, पाळ्या, श्रेणीनुसार वर्गीकरण वगैरे. नुसता वरचा माणूस बदलला तर सहसा ती लागत नाही. मात्र ताईंनी एक तपासावं. केंद्रप्रमुखांना हंगामात काही वेगळा भत्ता असेल आणि तो नव्या रचनेत खरेदी प्रमुखांकडे जाणार असेल, तर 'पगार तोच' हे वाक्य खोटं ठरतं. आणि ते पहिल्याच पगाराला कळतं.

डाळ मिलमधली, कारंजाकडची

माझ्यावर नवे प्रमुख आले तेव्हा आमच्या अध्यक्षांनी मला सांगितलं, "ताई, तुमचा भार हलका केला." हेतू चांगला असेल. पण भार हलका करा असं मी कधी मागितलं नव्हतं. आर्द्रता मी मोजायची, 12 टक्क्यांच्या वर गेलेला माल परत पाठवताना शेतकऱ्यांची बोलणी मी खायची, आणि तेच काम काढताना उपकार केल्यासारखं बोलले. त्यापेक्षा 'हे काम तुमच्याकडून काढतोय, कारण अमुक' असं म्हटलेलं मला चाललं असतं.

तुमच्या लेखनिकांकडेही बघा. सगळे केंद्रप्रमुखांच्या मनाचा विचार करतायत. लेखनिक पोरगी मात्र रोज त्याच काकांच्या समोरच्या टेबलावर बसणार आणि हिशेब दुसऱ्यालाच देणार. काकांनी पावतीत दुरुस्ती कर म्हटलं तर तिनं काय करायचं? ते तिला एकटीला नका सांगू, काकांसमोर सांगा.

धागा सुरू करणारी

हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. असं लिहिलंय, बघा:

"दुरुस्ती हवी असल्यास केंद्रप्रमुख लेखी कारण देतील, लेखनिक ते त्याच दिवशी मुख्य लेखापालांना कळवतील. लेखनिकांची रजा मुख्य लेखापाल मंजूर करतील, पण त्या दिवशी केंद्रावर कोण बसेल हे केंद्रप्रमुखांना विचारूनच."

भत्त्याचंही तपासलं. हंगामी भत्ता केंद्रप्रमुखांकडेच राहतोय, तो कागदावर घातला. केंद्रं लांब आहेत, म्हणून सीईओ साहेब सकाळी काकांकडे स्वतः जाणार आणि उरलेल्या दोघांना दुपारच्या सभेच्या तासभर आधी कार्यालयात भेटणार. सभासद शेतकऱ्यांना कसं सांगायचं, ते राहिलंय.

जिनिंगवाला, हिंगणघाटकडचा

शेतकऱ्यांना काकांच्याच तोंडून सांगा. गावच्या बैठकीत ते नव्या खरेदी प्रमुखांना घेऊन जातील, ओळख करून देतील. नवे साहेब एकटे गेले तर लोक विचारतील, काकाले काढलं का?

पतसंस्थेचे व्यवस्थापक, चंद्रपूर जिल्हा

आणि काकांनी नाही म्हटलं तर? त्या दिवशी माणसाचं मन दुखलेलं असतं. त्याच्याकडूनच ओळख करून घेणं मला जड वाटतं.

संस्थेत काम केलेला, यवतमाळ

म्हणून त्यांना विचारायचं, सांगायचं नाही. आठवडाभराने.

आणि महिनाभर एक पाहत राहा: काकांचा फोन सीईओंना येतोय का. रीतसर कामासाठी आला तर सीईओंनी प्रेमाने ऐकावं आणि निर्णय खरेदी प्रमुखांकडे पाठवावा. दोनदा स्वतःच निर्णय दिला की नवी रचना कागदावरच राहते, आणि पुढच्या वेळी 'नाही' ऐकल्यावर काकांना दुसऱ्यांदा लागतं. फोन पूर्ण बंद झाला तर तेही चांगलं लक्षण नाही. आमच्याकडे एक समन्वयक सभेत काहीच बोलला नव्हता. दोन महिन्यांनी राजीनामा दिला.

डाळ मिलमधली, कारंजाकडची

त्या समन्वयकाला नंतर कोणी भेटायला गेलं होतं का?